स्पीकर जळतो तेव्हा सर्वो आणि रिले काय करत असतात : अँप्लिफायरमधील डीसी ऑफसेट मोजण्याची आणि रोखण्याची पद्धत

यवतमाळ जिल्ह्यातील एका गावाच्या भजनी मंडळाचा दोन चॅनेलचा अँप्लिफायर गेल्या हिवाळ्यात माझ्या टेबलावर आला. त्याचा डाव्या बाजूचा बारा इंची वूफर वर्षभरात दुसऱ्यांदा जळला होता. पहिल्या वेळी दुसऱ्या ठिकाणी दुरुस्ती झाली होती, आवाजही व्यवस्थित येत होता. अँप्लिफायर घेऊन आलेले काका म्हणाले, "भाऊ, आवाज तं चांगला येते, मंग वूफरच काहून जयते जी?" जाता जाता त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. दुरुस्तीनंतर डावा स्पीकर बटन दाबताच 'धप्प' करून सुरू व्हायचा, पण उजवा मात्र सात-आठ सेकंद उशिरा लागायचा, म्हणून उजव्या बाजूतही काही बिघाड असावा, असा त्यांचा समज होता. खरे पाहता उजवी बाजू अगदी निरोगी होती, आणि तिचे उशिरा लागणे हीच या संपूर्ण प्रकरणातील सर्वांत मोलाची खूण होती. हा लेख त्या एका अँप्लिफायरच्या आधारे, कोणते मोजमाप कुठे आणि कोणत्या क्रमाने घ्यावे हे सांगण्यासाठी लिहिला आहे.

ऑफसेट म्हणजे नेमके काय बिघडते

या अँप्लिफायरला अधिक ५५ आणि उणे ५५ व्होल्टचा दुहेरी सप्लाय आहे. गाणे सुरू नसताना आउटपुटची तार ग्राउंडच्या पातळीवर, म्हणजे शून्य व्होल्टवर असली पाहिजे. प्रत्यक्षात ती काही मिलिव्होल्ट इकडे किंवा तिकडे असते, यालाच ऑफसेट म्हणतात, आणि तेवढ्याने काही होत नाही. पन्नास मिलिव्होल्टचा ऑफसेट असला तरी वूफरच्या कॉइलमधून जेमतेम आठ मिलिअँपिअर वाहतात.

आउटपुटचा एखादा ट्रान्झिस्टर आरपार शॉर्ट झाला की चित्र एकदम पालटते. आउटपुटची तार तेव्हा थेट ५५ व्होल्टला जोडली जाते. आठ ओहमच्या वूफरची कॉइल मीटरवर सुमारे सहा ओहम दाखवते, म्हणजे तिच्यातून नऊ अँपिअर वाहतात आणि पाचशे वॅटची निव्वळ उष्णता तयार होते. कार्यक्रमात वूफरला मोठी शक्ती मिळते तेव्हा कोन मागेपुढे हलत असतो, कॉइलच्या आसपासची हवा ढवळली जाते आणि गाण्यातील उंच क्षण क्षणभरच टिकतात. डीसी आल्यावर मात्र कोन एका टोकाला जाऊन तिथेच थांबतो. कॉइलमध्ये वीस ग्रॅम तांबे आहे असे धरले, तर पाचशे वॅटने ते दर सेकंदाला सुमारे साठ अंशांनी तापते. तीन-चार सेकंदांत कॉइलचा डिंक सुटतो आणि तारेवरचे इनॅमल जळू लागते.

अशा वेळी फ्यूज वाचवेल, असा अनेकांचा भरवसा असतो. या अँप्लिफायरमध्ये प्रत्येक सप्लायवर आठ अँपिअरचा स्लो फ्यूज होता. आठच्या फ्यूजमधून नऊ अँपिअर कितीही वेळ वाहू शकतात, कारण स्लो फ्यूज दुप्पट प्रवाहावरही बराच वेळ तग धरण्यासाठीच बनवलेला असतो. त्यामुळे फ्यूज शाबूत आणि वूफर राख, हे दृश्य दुरुस्तीच्या टेबलावर नवीन नाही.

सर्वो काय करतो आणि काय करू शकत नाही

या अँप्लिफायरच्या फीडबॅकमध्ये बावीस किलोओहम आणि एक किलोओहमचे रेझिस्टर आहेत, म्हणजे त्याची वाढ सुमारे तेवीस पट आहे. जुन्या रचनेत एक किलोओहमच्या खाली मोठा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर असतो आणि त्यामुळे डीसीसाठी वाढ एकच पट राहते. इथे तो कपॅसिटर काढून टाकलेला आहे. परिणामी इनपुटच्या ट्रान्झिस्टर जोडीतील पाच मिलिव्होल्टचा फरकसुद्धा आउटपुटला ११५ मिलिव्होल्ट होऊन दिसेल. हा दोष निस्तरण्याचे काम सर्वोकडे सोपवलेले आहे.

सर्वो म्हणजे एक लहान ऑप-अँप, इथे टीएल ०७१, जो आउटपुटकडे एक मेगाओहमच्या रेझिस्टरमधून पाहतो आणि एक मायक्रोफॅरडच्या फिल्म कपॅसिटरच्या मदतीने जे दिसते त्याची हळूहळू बेरीज करत राहतो. गाण्याची लहर वर जाते तितकीच खाली येते, म्हणून तिची बेरीज शून्य होते. ऑफसेट मात्र सदैव एकाच बाजूला असतो, त्यामुळे त्याची बेरीज वाढत जाते. हे साचलेले व्होल्टेज शंभर किलोओहमच्या रेझिस्टरमधून फीडबॅकच्या जोडावर सोडले जाते आणि आउटपुट उलट दिशेने शून्याकडे ढकलले जाते. या जोडणीत सर्वोचा परिणाम बावीस भागिले शंभर, म्हणजे ०.२२ पट होतो. म्हणून अँप्लिफायर ज्या वारंवारतेच्या खाली आवाज कमी करू लागतो ती अशी निघते:

f = 0.22 / (2πRC)

R एक मेगाओहम आणि C एक मायक्रोफॅरड असताना हे उत्तर सुमारे ०.०३५ हर्ट्झ येते, म्हणजे ढोलकीच्या सर्वांत खोल ठोक्यालाही सर्वोचा स्पर्श होत नाही. त्याची दुसरी बाजू अशी की सर्वो धिमा आहे. ऑफसेट मूळच्या एक तृतीयांशाच्या आसपास उतरायला त्याला साडेचार सेकंद लागतात. हा आकडा पुढे कामाला येणार आहे, तो लक्षात ठेवावा.

सर्वोच्या ताकदीला ठरलेली मर्यादा आहे. पंधरा व्होल्टच्या सप्लायवर टीएल ०७१ फार तर तेरा व्होल्टपर्यंत जाऊ शकतो, आणि तेरा गुणिले ०.२२ म्हणजे २.९ व्होल्ट. एवढाच ऑफसेट तो निस्तरू शकतो. शॉर्ट झालेल्या ट्रान्झिस्टरच्या ५५ व्होल्टपुढे त्याचे काही चालत नाही, आणि तिथे प्रश्न केवळ ताकदीचा नसतो. शॉर्ट झालेला ट्रान्झिस्टर कोणाचाच हुकूम मानत नाही, त्यामुळे सर्वोने कितीही सुधारणा सुचवली तरी ती पुढे पोचत नाही. सर्वो असल्यामुळे स्पीकर सुरक्षित आहे असे समजणारे लोक भेटतात. सर्वोचा उपयोग रोजचा किरकोळ ऑफसेट पुसण्यापुरता आहे, अपघात झाल्यावर स्पीकरची तार तोडणे हे रिलेचेच काम आहे.

पहिली पायरी : रिलेचे पॉइंट, तेही वीज न देता

झाकण उघडल्यावर सर्वप्रथम सप्लायचे मोठे कपॅसिटर एक किलोओहम, पाच वॅटच्या रेझिस्टरने रिकामे करावेत आणि मिनिटभर थांबून मीटरने खात्री करावी. ५५ व्होल्टचा झटका जीवघेणा ठरला नाही तरी हातातला स्क्रू-ड्रायव्हर भलत्या ठिकाणी आपटायला पुरेसा असतो.

त्यानंतर स्पीकर काढून, वीज बंद ठेवूनच, रिलेच्या दोन पॉइंटांमध्ये मीटर लावावा. रिले सुटलेल्या अवस्थेत ते उघडे असलेच पाहिजेत. उजव्या रिलेने तसे दाखवले. डाव्याने ०.२ ओहम दाखवला. त्याचे पारदर्शक झाकण काढून भिंगातून पाहिल्यावर दोन्ही पॉइंट एकमेकांत वितळून एक झालेले दिसले, आणि जोडाच्या कडेला मोहरीच्या दाण्याहूनही लहान असा तांबूस-काळा थेंब गोठलेला होता. म्हणजे दुसऱ्यांदा वूफर जळण्याच्या कितीतरी आधीपासून डाव्या बाजूला पहारेकरी नव्हताच.

पॉइंट वितळण्याचे कारण रिलेवरच छापलेले होते: १० अँपिअर, २५० व्होल्ट एसी, आणि शेजारी १० अँपिअर, ३० व्होल्ट डीसी. एसी प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, म्हणून पॉइंट उघडताना पडलेली ठिणगी आपोआप विझते. डीसी शून्यावर कधीच येत नाही. ५५ व्होल्ट डीसीवर नऊ अँपिअर तोडताना जेमतेम मिलिमीटरभर फटीत ठिणगीचा झोत टिकून राहतो, स्पीकरकडे प्रवाह चालूच राहतो आणि पॉइंट वितळतात. पहिल्या खेपेला हेच घडले असावे. ज्या वेळी रिलेने आपले काम केले त्याच वेळी तो निकामी झाला, आणि दुरुस्ती करणाऱ्याने आउटपुट ट्रान्झिस्टर व वूफर बदलले, पण रिले तसाच ठेवला. म्हणून माझा नियम असा आहे की ज्या अँप्लिफायरचे आउटपुट एकदा शॉर्ट झाले आहे, त्याचा रिले वरून कितीही चांगला दिसला तरी बदलायचाच.

दुसरी पायरी : आउटपुट, आणि त्यानंतर सर्वोचे आउटपुट

डाव्या बाजूचे शॉर्ट झालेले ट्रान्झिस्टर काढले तेव्हा मायकाच्या खाली हीटसिंक पेस्टच नव्हती आणि हीटसिंकच्या पट्ट्यांत कापसाची बारीक रुई गच्च बसली होती. दुसऱ्यांदा ट्रान्झिस्टर गेले त्याचे कारण शोधायला यापुढे जावे लागले नाही. नवे ट्रान्झिस्टर पेस्ट लावून बसवले आणि वीज शंभर वॅटच्या सिरीज बल्बमधून दिली. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला, म्हणजे मोठा शॉर्ट उरलेला नाही. तो उजळलेलाच राहिला असता, तर तिथेच थांबून पुन्हा ट्रान्झिस्टर तपासावे लागले असते.

आता दोन्ही इनपुट ग्राउंडला शॉर्ट करावेत, स्पीकर लावू नये, आणि मीटर डीसी मिलिव्होल्टवर ठेवून आउटपुट मोजावे. हे माप स्पीकरच्या टर्मिनलवर नव्हे, तर रिलेच्या आधी, अँप्लिफायरच्या बाजूने घ्यावे. रिले सुटलेला असताना टर्मिनलवर शून्यच दिसणार, आणि त्या शून्यावर विसंबून अनेकांनी बिघडलेला अँप्लिफायर चांगला म्हणून परत पाठवलेला आहे.

डाव्या बाजूला मला १४ मिलिव्होल्ट मिळाले आणि उजव्या बाजूला ५. दोन्ही आकडे उत्तम. सर्वो नसलेल्या अँप्लिफायरमध्ये तपासणी इथे संपली असती. सर्वो असलेल्यात ती इथून सुरू होते, कारण सर्वो आपली ताकद संपेपर्यंत आउटपुट शून्याजवळ धरून ठेवतो आणि मूळ आजार झाकून टाकतो. तो आजार पाहायचा असेल तर सर्वोच्या ऑप-अँपच्या आउटपुटवर, टीएल ०७१ मध्ये सहाव्या पायावर, मीटर टेकवावा लागतो.

उजव्या बाजूला तिथे उणे ३.० व्होल्ट होते. डाव्या बाजूला उणे ११.१.

ऑप-अँपची धाव तेरा व्होल्टची, त्यांपैकी अकरा आधीच खर्च झालेले. ११.१ गुणिले ०.२२ म्हणजे २.४ व्होल्ट, याचा अर्थ सर्वो नसता तर डाव्या बाजूचे आउटपुट सुमारे उणे अडीच व्होल्टवर असते. हा ऑफसेट कुठून येतो हे शोधण्यासाठी इनपुटच्या जोडीकडे जावे लागते. त्या जोडीतील प्रत्येक ट्रान्झिस्टरमधून एक मिलिअँपिअर वाहतो. एका ट्रान्झिस्टरचा बेस दहा किलोओहममधून ग्राउंडला आहे, दुसऱ्याचा बेस फीडबॅकच्या सुमारे एक किलोओहमवर आहे. ट्रान्झिस्टरचा गेन ३०० असेल तर बेसमध्ये ३.३ मायक्रोअँपिअर जातात, दोन्ही बाजूंच्या फरकाच्या नऊ किलोओहमवर ते ३० मिलिव्होल्ट होतात आणि तेवीस पटींनी ०.७ व्होल्ट. त्यासाठी सर्वोला ३ व्होल्ट द्यावे लागतात, आणि उजवी बाजू नेमके तेवढेच देत होती. डाव्या जोडीतील ट्रान्झिस्टर काढून मीटरच्या गेन टेस्टरमध्ये घातले तर आकडा ८५ आला. एक मिलिअँपिअर भागिले ८५ म्हणजे ११.८ मायक्रोअँपिअर, नऊ किलोओहमवर १०६ मिलिव्होल्ट, आणि आउटपुटला २.४ व्होल्ट. हिशेब तंतोतंत जुळला. आधीच्या दुरुस्तीत हाताशी असलेले कुठलेतरी जुने ट्रान्झिस्टर तिथे बसवले गेले होते, आणि सर्वोने ती चूक निमूटपणे सांभाळून घेतली होती.

उजवी बाजू उशिरा का लागत होती, हेही यावरून उलगडते. या अँप्लिफायरमध्ये प्रत्येक चॅनेलवर नजर ठेवणारा भाग वेगळा आहे, पण दोन्ही रिले चालवणारा ट्रान्झिस्टर एकच आहे. कुठल्याही बाजूला एक व्होल्टपेक्षा जास्त ऑफसेट दिसला की वेळेचा कपॅसिटर रिकामा ठेवला जातो आणि रिले लागत नाहीत. बटन दाबताच सर्वो शून्यावरून निघतो, म्हणून डावे आउटपुट सुरुवातीला उणे अडीच व्होल्टवर असते. साडेचार सेकंदांच्या चालीने ते एक व्होल्टच्या खाली यायला सुमारे चार सेकंद लागतात. त्यानंतर रिलेचा नेहमीचा चार सेकंदांचा उशीर मोजणे सुरू होते. चार अधिक चार म्हणजे काकांनी सांगितलेले सात-आठ सेकंद. उजवा रिले डाव्या बाजूच्या आजारामुळे थांबत होता, आणि डाव्याचे पॉइंट वितळलेले असल्यामुळे तो स्पीकर आधीच जोडलेला होता. तपासून पाहावे म्हणून मी डाव्या बाजूला एक भंगारातला स्पीकर दहा ओहमच्या रेझिस्टरमधून लावला. बटन दाबताच 'धप्प' झाले, कागदी कोन आत खेचला गेला आणि चार-पाच सेकंदांत, दम सोडल्यासारखा, सावकाश जागेवर आला. सर्वो काम करताना उघड्या डोळ्यांनी पाहायचा असेल तर हा प्रयोग करून पाहावा, मात्र भंगारातल्या स्पीकरवरच.

या ठिकाणी एक भेद स्पष्ट केला पाहिजे. अडीच व्होल्टच्या ऑफसेटने वूफर जळत नाही, कारण सहा ओहमवर त्याची उष्णता जेमतेम एक वॅट होते. वूफर जळाला तो शॉर्ट झालेल्या आउटपुटमुळे आणि वितळलेल्या रिलेमुळे. गेनची चूक ही वेगळी बाब होती, पण ती सापडली नसती तर सर्वोपाशी राखीव ताकद जवळजवळ काहीच उरली नसती.

सर्वोच स्वतः बिघडला तर

दोन बिघाड वारंवार दिसतात. पहिला सप्लायचा. टीएल ०७१ ला पंधरा व्होल्ट मिळावेत म्हणून ५५ व्होल्टमधून रेझिस्टर आणि झेनर लावलेले असतात. त्या रेझिस्टरवर चाळीस व्होल्ट पडतात आणि ३.३ किलोओहमच्या रेझिस्टरमध्ये जवळपास अर्धा वॅट उष्णता होते. अर्धा वॅटचाच रेझिस्टर तिथे बसवलेला असेल, तर मे महिन्यात पत्र्याच्या खोलीतल्या अँप्लिफायरमध्ये तो काळा पडून उघडतो. एका बाजूचा सप्लाय गेला की ऑप-अँप दुसऱ्या टोकाला जाऊन चिकटतो आणि जो ऑफसेट पुसायचा तोच २.९ व्होल्टपर्यंत निर्माण करतो. तिथे दोन वॅटचा रेझिस्टर बोर्डपासून थोडा वर उचलून लावावा.

दुसरा बिघाड माणसाच्या हातून होतो. दुहेरी ऑप-अँपच्या सर्वोमध्ये टीएल ०७२ मिळाला नाही की पाय सारखे म्हणून ४५५८ बसवला जातो. टीएल ०७२ च्या इनपुटला एफईटी असल्यामुळे त्यात जवळजवळ प्रवाह जात नाही. ४५५८ च्या इनपुटला साधे ट्रान्झिस्टर असतात. त्यातून शंभर नॅनोअँपिअर जरी गेले, तरी एक मेगाओहमवर शंभर मिलिव्होल्टची चूक होते. दोन्ही इनपुटना सारखेच रेझिस्टर असले तर तिचा बराच भाग कापला जातो, पण उरलेला ऑफसेट सर्वो खरा मानून जपत बसतो. टोन कंट्रोलच्या बोर्डवर ४५५८ खुशाल चालतो, सर्वोत मात्र चालत नाही. तसेच सर्वोचा कपॅसिटर फिल्मचाच हवा, इलेक्ट्रोलिटिक लावला तर त्याची गळती ऑफसेट होऊन बाहेर येते.

तिसरी पायरी : रिलेची जोडणी

नवा रिले बसवताना मी तीन पॉइंटांचा घेतो आणि जोडणी अशी ठेवतो: मधला, हलणारा पॉइंट स्पीकरला, रिले ओढलेला असताना लागणारा पॉइंट अँप्लिफायरच्या आउटपुटला, आणि रिले सुटल्यावर लागणारा पॉइंट ग्राउंडला. यामुळे रिले सुटताना ठिणगी टिकून राहिली तरी हलणारा पॉइंट दुसऱ्या टोकाला जाऊन ग्राउंडला लागतो. स्पीकरची दोन्ही टोके ग्राउंडवर येतात, ठिणगीतून येणारा प्रवाह थेट ग्राउंडला जातो, आणि नऊ अँपिअरला न जुमानणारा फ्यूज या आकस्मिक शॉर्टमुळे उडतो. ही युक्ती ब्रिज केलेल्या अँप्लिफायरला लावू नये, कारण तिथे स्पीकरचे कोणतेच टोक ग्राउंड नसते.

रिलेच्या कॉइलवर उलटा डायोड सर्वजण लावतात. त्यामुळे ट्रान्झिस्टर वाचतो, पण कॉइलमधला प्रवाह त्या डायोडमधून फिरत राहतो, रिले उशिरा आणि रेंगाळत सुटतो आणि ठिणगीला फावते. डायोडच्या सिरीजमध्ये चोवीस व्होल्टचा झेनर उलट्या दिशेने घातला की रिले झटक्यात सुटतो. मात्र तेव्हा चालवणाऱ्या ट्रान्झिस्टरवर सप्लायचे चोवीस आणि झेनरचे चोवीस मिळून जवळपास पन्नास व्होल्ट येतात. बीसी ५४७ ची सहनशक्ती ४५ व्होल्टची, म्हणून तो इथे चालत नाही. ऐंशी व्होल्टचा बीडी १३९ निवांत चालतो.

ऑफसेट ओळखणारी तार रिलेच्या आधीच जोडलेली हवी. ती रिलेनंतर, स्पीकरच्या बाजूला असेल तर रिले सुटताच डीसी दिसेनासा होतो, रिले पुन्हा लागतो, पुन्हा सुटतो, आणि टकटक करत प्रत्येक वेळी पॉइंट जाळतो.

चौथी पायरी : पहारा खरोखर जागा आहे का

ओळखणाऱ्या भागात प्रत्येक बाजूला बावीस किलोओहमचा रेझिस्टर आणि ४७ मायक्रोफॅरडचा, दोन्ही दिशांनी चालणारा कपॅसिटर होता. त्यामागचा हिशेब समजून घेतला म्हणजे कोणी 'आणखी सुरक्षित' करण्यासाठी कपॅसिटर का बदलू नये ते कळते. ५५ व्होल्ट आले तर हा कपॅसिटर सुमारे वीस मिलिसेकंदांत एक व्होल्ट गाठतो. रिले सुटण्याचे दहा मिलिसेकंद धरले, तरी कॉइल दोन-तीन अंशच तापते. दुसरीकडे चाळीस व्होल्टचा वीस हर्ट्झचा खर्ज आला तर कपॅसिटरवर ०.३ व्होल्टच पोचतात, त्यामुळे रिले गाण्याच्या मधेच सुटत नाही. कपॅसिटर दहा मायक्रोफॅरडचा केला तर तोच खर्ज दीड व्होल्ट होऊन रिले सोडेल, आणि त्रासलेला मालक एक दिवस रिलेच बायपास करून टाकेल. मी असे बायपास केलेले रिले पाहिले आहेत, तारेचा एक तुकडा आणि दोन टाके.

परीक्षेसाठी ओळखणाऱ्या भागाची तार आउटपुटपासून सोडवावी, अँप्लिफायर सुरू करून रिले लागू द्यावा, आणि त्या तारेला नऊ व्होल्टची बॅटरी ग्राउंडच्या संदर्भाने लावावी. रिले लगेच सुटला पाहिजे. बॅटरी उलटी करून पुन्हा तेच करावे. ही उलटी परीक्षा टाळू नये, कारण अधिक आणि उणे ओळखणारे ट्रान्झिस्टर वेगवेगळे असतात आणि एक मेलेला असला तरी दुसऱ्या बाजूच्या परीक्षेत तो सापडत नाही. मग दीड व्होल्टच्या सेलने तपासावे, रिलेने सुमारे सेकंदाभरात सुटायला हवे. दोन्ही चॅनेलसाठी हे स्वतंत्रपणे करावे, आणि प्रत्येक वेळी केवळ 'टक' ऐकून न थांबता पॉइंटही मीटरने तपासावेत.

शेवटची परीक्षा आपल्याकडील विजेसाठी आहे. गावात लाइट जातो आणि सेकंदभरात परत येतो, असे एका भजनात चार वेळा होऊ शकते. लाइट जाताच अधिक आणि उणे सप्लाय सारख्या गतीने उतरत नाहीत, सर्वोचे पंधरा व्होल्ट ढासळतात आणि आउटपुट डोलते. त्या क्षणी रिले सुटलेला असला पाहिजे, म्हणून त्याला मोठ्या कपॅसिटरांवर विसंबू न देता ट्रान्सफॉर्मरच्या एसीवरून, छोटा डायोड आणि दहा मायक्रोफॅरडच्या वाटेने, लाइट गेल्याची वर्दी मिळावी लागते. बटन बंद करून सेकंदभरात पुन्हा चालू करावे. रिले लगेच सुटून परत लागताना पूर्ण चार सेकंद थांबला तर ठीक. तो ताबडतोब लागला, तर वेळेचा कपॅसिटर रिकामा होत नाही असे समजावे आणि त्याला रिकामा करणारा डायोड किंवा रेझिस्टर तपासावा.

मंडळाच्या अँप्लिफायरमध्ये तीनशेच्या आसपास गेन असलेली, एकमेकांशी जुळणारी ट्रान्झिस्टरची जोडी डाव्या बाजूला बसवली, दोन्ही रिले बदलले, हीटसिंकमधली रुई ब्रशने काढली. त्यानंतर डाव्या सर्वोवर उणे ३.१ व्होल्ट, आउटपुटवर ४ मिलिव्होल्ट, आणि दोन्ही स्पीकर बटन दाबल्यापासून चार सेकंदांनी एकत्र. हे तीन आकडे तारखेसह एका कागदावर लिहून तो झाकणाच्या आतून चिकटवला आहे. काकांना मी एवढेच सांगितले की दोन्ही बाजू चारच्या ऐवजी सहा-सात सेकंदांनी लागू लागल्या, किंवा एक बाजू आधी आणि दुसरी नंतर लागली, तर आवाज कितीही चांगला येत असला तरी अँप्लिफायर घेऊन या, वूफर जळायची वाट पाहू नका.